तीन ओळींचा तक्ता : मावळची जमीन, तिचीं अन्नद्रव्यें आणि पिकांची फेरपालट



शेतकीच्या पदविकेसाठीं जीं पुस्तकें लावलेलीं असतात, त्यांत जमिनीचें एक प्रकरण हमखास असतें. त्या प्रकरणांत आरंभीं जमिनीचे प्रकार येतात : काळी, तांबडी, जांभी, गाळाची. त्यानंतर अन्नद्रव्यें येतात : नत्र, स्फुरद, पालाश आणि त्यांच्यामागून लोह, जस्त हीं सूक्ष्म द्रव्यें. शेवटीं पिकांच्या फेरपालटीचें विवेचन येतें. विद्यार्थी या तिन्हींच्या तीन याद्या करतो आणि त्या पाठ करतो. मग परीक्षक विचारतात कीं, "या तिन्हींची तुलना एकाच तक्त्यांत करून दाखवा." विद्यार्थी तीन याद्या शेजारीं शेजारीं मांडतो खरा; परंतु आगगाडीच्या डब्यांतील परक्या उतारूंप्रमाणें त्या एकमेकींशीं बोलत नाहींत.

परीक्षेंतले गुण गेले तर ते पुढच्या वर्षीं मिळवितां येतात. परंतु हाच विद्यार्थी उद्यां खतांच्या दुकानाच्या फळीमागें उभा राहतो, किंवा गांवोगांव फिरून शेतकऱ्यास सल्ला देतो. तेव्हां त्याच्या डोक्यांतील तक्ता चुकीचा असला, तर त्याची किंमत दुसऱ्याच्या खिशांतून जाते. म्हणून हा तक्ता कसा आंखावा, त्यांतील एक रकाना दुसऱ्यांतून कसा निघतो, हें आज आपणांपुढें मांडावयाचें मीं योजिलें आहे. उदाहरणासाठीं मी मावळ तालुका घेतों. कारण पुण्याहून लोणावळ्यास जातांना आगगाडीच्या खिडकींतून तो आपणांपैकीं बहुतेकांनीं पाहिलेला आहे. कागद व पेन्सिल जवळ असेल तर घ्यावी, आणि तीन आडव्या ओळी व पांच उभे रकाने आंखावे.

पहिल्या रकान्यांत काय लिहावें?

पुस्तकांत पहिल्या रकान्यांत जमिनीचा रंग असतो. मावळांत हें चालत नाहीं, आणि कां चालत नाहीं हें समजलें कीं निम्मा तक्ता समजला. पुणें ते लोणावळें हें अंतर रेल्वेनें सुमारें ६४ किलोमीटर. या सबंध वाटेवर जमिनीखालचा खडक एकच आहे : ज्वालामुखीच्या रसापासून थरावर थर बसून झालेला काळा पाषाण. मग एकाच आईच्या पोटीं तांबडी, राखी आणि काळी अशा तीन वेगळ्या माती कशा जन्मल्या? उत्तर आकाशांतून येतें. लोणावळ्यास वर्षाकांठीं चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. पुण्यास सातशेंच्या आसपास. वडगांव मधोमध आहे, परंतु तेथील पाऊस लोणावळ्याच्या निम्म्याहूनही कमी. खडक एक, पाणी वेगळें. म्हणून माती वेगळी.

तेव्हां पहिल्या रकान्यास मथळा द्यावा : "पाणी कोठें जातें?" त्याखालीं तीन उत्तरें लिहावीं. पहिलें, पाणी वाहून जातें. दुसरें, पाणी उभें राहतें. तिसरें, पाणी मातींत धरलें जातें. आतां एकेक ओळ भरूं.

पहिली ओळ : पाणी वाहून जातें

ही घाटमाथ्याकडील उतारांची जमीन. मावळांत हिला वरकस म्हणतात. येथें शतकानुशतकें पावसानें माती धुतली आहे. जें जें पाण्यांत विरघळतें, तें तें गेलें : चुना गेला, मॅग्नेशियम गेलें, पालाश गेला. जें विरघळत नाहीं तें मागें राहिलें, म्हणजे लोह आणि ॲल्युमिनियम. मातीचा तांबडा रंग हा त्या उरलेल्या लोहाचा गंज होय. चुना गेल्यामुळें माती आंबट झाली. आंबट मातींत लोह व ॲल्युमिनियम हीं स्फुरदास असें घट्ट धरतात कीं, मुळांना तो सुटत नाहीं. म्हणून येथें स्फुरदयुक्त खत शेतभर पसरून टाकणें म्हणजे तें गंजाच्या हवालीं करणें. तें शेणखतांत मिसळून, बियाच्या ओळीजवळ दिलें तरच पिकास त्याचा वांटा मिळतो. स्फुरदाची उपासमार ओळखण्याची खूण अशी कीं, रोप खुजें राहतें आणि पानें प्रथम गर्द हिरवीं, मग जांभळट दिसूं लागतात.

आतां फेरपालट पाहा. वरकसावरील जुनी रीत अशी : पहिल्या वर्षीं नाचणी, दुसऱ्या वर्षीं वरई किंवा सावा, तिसऱ्या वर्षीं कारळा, ज्यास कोणी खुरासणी म्हणतात, आणि मग कांहीं वर्षें जमीन पडीत. हा क्रम उतरत्या भुकेचा आहे. ताज्या जमिनीवर अधिक मागणारें पीक, आणि थकत्या जमिनीवर थोडक्यांत भागविणारें. पडीत वर्षांत उगवणारीं झुडपें खोल मुळांनीं खालचा चुना व पालाश वर ओढतात आणि पालापाचोळ्याच्या रूपानें जमिनीवर टाकतात. म्हणजे पडीत हेंही या फेरपालटींतील एक पीकच आहे. पडीत काळ दोन वर्षांवर आणला तर झुडपांना तें काम करण्यास अवधि मिळत नाहीं, आणि नाचणीचें उत्पन्न दर फेरीस घटत जातें.

दुसरी ओळ : पाणी उभें राहतें

उतारावरून आलेलें पाणी आणि माती बांध घालून अडविली कीं भाताचें खाचर होतें. इंद्रायणी, आंद्रा आणि पवना यांच्या खोऱ्यांतील ही खास जमीन. आपल्या घरांत शिजणारा इंद्रायणी तांदूळ हा याच ओळींतला. वडगांव मावळ येथील कृषि संशोधन केंद्रांतून १९८७ सालीं निघालेला हा वाण आंबेमोहोर १५७ आणि आय. आर. ८ यांच्या संकरापासून झाला.

खाचरांत पाणी तुंबलें कीं थोड्याच दिवसांत मातींतील प्राणवायु संपतो. मातींतील जंतूंना मात्र श्वास घेणें भाग असतें. ते प्रथम नायट्रेटमधील प्राणवायु ओढून घेतात. मग नत्राचा वायु होऊन तो बुडबुड्यांवाटे हवेंत निघून जातो. त्यानंतर ते तांबड्या गंजांतील प्राणवायु घेतात. मग लोह विरघळतें, आणि त्यानें धरून ठेवलेला स्फुरद मोकळा होतो. म्हणजे पहिल्या ओळींत जें कुलूप होतें तेंच दुसऱ्या ओळींत पाण्याच्या किल्लीनें उघडतें. भातास स्फुरद सुलभ होतो. नत्र मात्र नायट्रेटच्या रूपांत दिला तर वायां जातो. पुढें भात कापून खाचर कोरडें झालें कीं लोहास पुन्हां गंज चढतो आणि कुलूप पुन्हां बसतें. म्हणून भातामागून येणाऱ्या हरभऱ्यास स्फुरदाची टंचाई भासते, जरी जमीन तीच असली तरी.

ही ओळ ओळखण्याची खूण रंगापेक्षां खात्रीची आहे. वीतभर खोल खणून ढेंकूळ फोडावें. आंत निळसर राखी रंग, आणि मेलेल्या मुळांच्या वाटेवर गंजाच्या बारीक रेघा दिसल्या, तर तेथें दरवर्षीं पाणी तुंबतें असें समजावें.

तिसरी ओळ : पाणी धरलें जातें

तळेगांवच्या पूर्वेस, पुण्याच्या अंगाला पाऊस कमी होत जातो आणि मध्यम काळी जमीन लागते. येथें धुपून जाण्यापुरता पाऊस नसल्यानें खडकांतील चुना व पालाश मातींतच राहिले, आणि त्यांतून ओली असतां फुगणारी व वाळतां भेगाळणारी चिकण माती बनली. ही माती पावसाळ्याचें पाणी हिंवाळ्यापर्यंत धरते. पालाशाचा सांठा येथें चांगला असतो. नत्र कमी असतो. स्फुरद येथेंही जखडलेला असतो, परंतु लोहाशीं नव्हे, चुन्याशीं. चुन्यामुळेंच लोह व जस्त मुळांना नीट मिळत नाहींत. कोंवळें पान पिवळें आणि त्याच्या शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या, तर ती लोहाची टंचाई होय. जुनीं पानें आधीं पिवळीं पडत असतील, तर नत्राची. हा भेद ध्यानांत न घेतल्यामुळें पिवळ्या पिकावर युरिया ओतणारे शेतकरी कमी नाहींत.

येथील फेरपालट धरलेल्या पाण्यावर बेतलेली आहे. खरिपांत मूग किंवा उडीद घेऊन तो भाद्रपदाच्या सुमारास काढावा, आणि त्याच ओलीवर रब्बीची ज्वारी पेरावी. पुढील वर्षीं बाजरी व तूर एकत्र. मुगाचीं पानें व मुळें कुजून जो नत्र सुटतो तो येथें पाण्यांत बुडत नाहीं, म्हणून ज्वारीस तो सांपडतो. हें वाक्य लक्षांत ठेवावें; याचा उपयोग पुढें होणार आहे.

आतां तक्ता पुरा झाला. तो असा दिसेल :

| पाणी कोठें जातें? | जमीन व तिची खूण | अन्नद्रव्यांची स्थिति | फेरपालट | बिघाडाची खूण |
|---|---|---|---|---|
| वाहून जातें | वरकस. तांबडी, आंबट | चुना व पालाश धुपलेले. स्फुरद लोहानें जखडलेला | नाचणी, वरई, कारळा, मग पडीत | खुजें रोप, जांभळट पान |
| उभें राहतें | खाचर. आंत निळसर राखी, गंजाच्या रेघा | नायट्रेट वायां जातो. स्फुरद भातास सुटतो, हरभऱ्यास जखडतो | भात, मग ओलीवर हरभरा | हरभऱ्याच्या गांठी आंतून पांढऱ्या |
| धरलें जातें | मध्यम काळी. भेगाळणारी | पालाश पुरेसा, नत्र कमी, स्फुरद चुन्यानें जखडलेला | मूग, मग ज्वारी. पुढें बाजरी व तूर | कोंवळें पान पिवळें, शिरा हिरव्या |

एका एकराचा हिशेब

तक्ता खरा आहे कीं नाहीं याची परीक्षा हिशेबानें करावी. वडगांवच्या खोऱ्यांतील एक एकर खाचर कल्पूं. त्यांत इंद्रायणी भात लावला आणि १६ क्विंटल साळ मिळाली असें धरूं. एवढ्या पिकानें दाणा व पेंढा मिळून ढोबळ मानानें २५ किलो नत्र आणि ३० किलो पालाश जमिनींतून उचलला. यांतील नत्राचा मोठा भाग दाण्यांत असतो. पालाशाचे मात्र पांच भागांपैकीं चार भाग पेंढ्यांत असतात. पेंढा घरच्या गुरांनीं खाल्ला आणि शेण शेतांत परत आलें, तर तो पालाश बराचसा घरीं राहिला. पेंढा विकला तर दर वर्षीं सुमारें २४ किलो, आणि तीन वर्षांत ७२ किलो पालाश गाडींत बसून गांवाबाहेर गेला. तिसऱ्या ओळींतल्या जमिनीस हें बराच काळ सोसतें. परंतु खाचराची माती पहिल्या ओळींतून वाहून आलेली, तिचा सांठा मुळांतच तोकडा. तिला तें सोसत नाहीं.

नत्राचें काय? युरिया उभ्या पाण्यांत फेंकला तर त्याचा एक वांटा अमोनिया होऊन पृष्ठभागावरूनच उडतो. दुसरा वांटा मातीच्या अगदी वरच्या पातळ थरांत, जेथें थोडा प्राणवायु असतो तेथें, नायट्रेट बनतो. आणि खालीं झिरपतांच वायु होऊन जातो. चारसूत्री म्हणून जी भातलागवडीची पद्धत महाराष्ट्रांत प्रसृत झाली, तींत याच दोन चोरवाटा बंद केल्या आहेत. युरिया व डायअमोनियम फॉस्फेट यांच्या दाबून केलेल्या गोळ्या, चार चुडांच्या चौकोनाच्या मध्यावर एक, याप्रमाणें ७ ते १० सेंटिमीटर खोल खोंचतात. तेथें प्राणवायु नाहीं, म्हणून नायट्रेट बनत नाहीं. पाण्याशीं संबंध नाहीं, म्हणून अमोनिया उडत नाहीं.

भात निघाला, आतां हरभरा. पेरणीची वेळ पंचांगापेक्षां मुठीनें ठरवावी. दोनचार बोटें खालची माती मुठींत दाबावी. लाडू झाला आणि कमरेच्या उंचीवरून टाकतां त्याचे चारपांच तुकडे झाले, तर वापसा आहे. हाताला चिकटली तर थांबावें. लाडूच झाला नाहीं तर वेळ टळून गेली. मग चिखलणीनें घट्ट बसलेल्या थरांत मूळ शिरत नाहीं. बियास रायझोबियम जंतूंचें संवर्धन, १० किलो बियास २५० ग्रॅम, चोळावें. कारण पावसाळाभर पाण्याखालीं राहिलेल्या मातींत हे जंतु रोडावलेले असूं शकतात. पेरल्यापासून पांचसहा आठवड्यांनीं एक रोप मुळासकट हलक्या हातानें उपटून मुळावरची गांठ नखानें कापावी. आंत गुलाबी रंग असेल तर हवेंतील नत्र बांधण्याचें काम चाललें आहे. पांढरा किंवा हिरवट असेल तर गांठ नुसती नांवाची.

आतां ज्या वाक्यासाठीं हा सारा खटाटोप, तें घेऊं. "हरभऱ्यामुळें जमिनींतील नत्र वाढतो," असें प्रत्येक विद्यार्थी लिहितो. आमच्या एकरांत साडेतीन क्विंटल हरभरा झाला असें धरूं. दाण्यांत शेंकडा २० प्रथिन धरलें तर ७० किलो प्रथिन. आणि प्रथिनांत शेंकडा १६ नत्र असतो, म्हणून सुमारें ११ किलो नत्र पोत्यांत भरून घरीं गेला. अशा बेताच्या पिकानें हवेंतून बांधलेला नत्रही साधारण याच घरांत असतो. आला तेवढा गेला. त्यांतही आपल्याकडे हरभरा मुळांसकट उपटून खळ्यावर नेतात आणि भुसा गुरांपुढें टाकतात. मग शेतांत उरतें तें गळलेलें पान तेवढें.

त्या पानांतून व बारीक मुळांतून जो थोडा नत्र सुटतो, त्याचा वळवाच्या सरींबरोबर नायट्रेट होतो. आणि मग आषाढांत खाचर भरतें! पुढें काय होतें हें आपण दुसऱ्या ओळींत पाहिलेंच आहे. काळ्या जमिनींत मुगाचा नत्र ज्वारीच्या हातीं लागतो. खाचरांत हरभऱ्याचा नत्र भाताच्या हातीं लागण्यापूर्वींच बराचसा वायु होऊन जातो. कडधान्यामागून तृणधान्य हा नियम दोन्हीं ओळींत एकच दिसतो, परंतु त्याचें फळ एक नाहीं. तीन सुट्या याद्यांतून हें कधींही कळलें नसतें.

मग खाचरांत हरभरा घेऊं नये काय? अवश्य घ्यावा. तो नत्राची तिजोरी भरीत नसला तरी त्याच ओलीवर घेतलेल्या गव्हापेक्षां जमिनीकडे पुष्कळ कमी मागतो, आणि कुटुंबास डाळ देतो. सुधारणा एवढीच करावी : पीक उपटूं नये, विळ्यानें कापावें, म्हणजे मूळ शेतांत राहील, स्फुरदाचा हप्ता हरभऱ्याच्या पेरणीस द्यावा, आणि ज्यास विहिरीचें पाणी आहे त्यानें वैशाखाच्या अखेरीस ताग किंवा ढैंचा पेरून चिखलणीच्या वेळीं गाडावा. हें हिरवें पीक तो फिरता नायट्रेट आपल्या अंगांत शोषून घेतें, आणि पाण्याखालीं कुजतांना तो भातास सुरक्षित रूपांत परत करतें. हें करणें शक्य नसेल, तर हरभऱ्याच्या भरंवशावर पुढील भाताच्या नत्रांत मोठी कपात करूं नये.

तक्त्याची मर्यादा

शेवटीं दोन गोष्टी सांगावयाच्या राहतात. या तीन ओळी म्हणजे तीन प्रांत नव्हत. मावळांतील एखाद्या गांवीं टेंकडीवरून नदीकडे उतरूं लागलें तर अर्ध्या तासांत पहिल्या ओळींतून दुसरींत जातां येतें. शिवाय मनुष्य ओळ बदलूं शकतो. उतारावर बांध घातला कीं वरकसाचें खाचर होतें, आणि वर्षानुवर्षें पाणी तुंबून तिची तांबडी माती राखी होऊं लागते. काळ्या जमिनीस पाट मिळून पाणी अति झालें, निचरा मात्र झाला नाहीं, तर ती तिसरी ओळ सोडून खारवट होण्याच्या मार्गास लागते. म्हणूनच रंग पाहून नव्हे, पाणी पाहून ओळ ठरवावी.

दुसरी गोष्ट, हा तक्ता कोणतें द्रव्य कमी असेल व कां असेल हें सांगतो; किती कमी आहे हें सांगत नाहीं. तें माती-परीक्षणानेंच कळतें. परंतु परीक्षणाचा कागद हातीं आला असतां त्यावरील आंकड्यांचा अर्थ कोणत्या ओळींत बसून लावावयाचा, हें तक्त्यावांचून कळत नाहीं. कारण कोरड्या मातीच्या नमुन्यांत सांपडलेला स्फुरद भातास एक उत्तर देतो आणि हरभऱ्यास दुसरें.

आपल्या घरीं कोणी पदविकेचा विद्यार्थी असेल तर त्यानें हा तक्ता पाठ न करितां आपल्या गांवासाठीं नव्यानें आंखावा, आणि प्रत्येक रकाना मागच्या रकान्यास "कां?" असें विचारून भरावा. उत्तर देतां येईना तेथें जागा मोकळी ठेवावी. शेतांत जाऊन ढेंकूळ फोडलें म्हणजे ती भरतां येईल.